व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप ग्राहकाच्या मेलमध्ये उतरवताना

प्रश्न: मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन कारखान्यात ऑफिस सांभाळते. सुपरवायझर आणि मालक व्हॉट्सअ‍ॅपवर जे लिहितात, त्यावरून बाहेरच्या ग्राहकांना मेल करायचं काम माझ्याकडे असतं. भाषा मी सुधारते, माणसांची नावं आणि रकमा काढते. तरी परवा मालक म्हणाले, "घरातलं सगळं बाहेर सांगितलंस." नक्की काय काढायचं? आणि ते काढल्यावर मेलमध्ये उरतं तरी काय?

उत्तर:

ताई, मी हेच काम तेवीस वर्षं करते आहे, आधी हिंगण्यात आणि आता बुटीबोरीला. सुरुवातीला मीही तुमच्यासारखंच करायची. मूळ निरोप समोर ठेवायचा, त्यातली नावं खोडायची, रुपये खोडायचे, "करून राहिला"चं "करत आहे" करायचं आणि पाठवून द्यायचं. या पद्धतीत शब्द गाळले जातात, पण निरोपाचा सांगाडा तसाच राहतो, आणि गुपित बहुतेक वेळा त्या सांगाड्यातच असतं. एक निरोप घेऊन दाखवते. प्रसंग आमच्या कामात नेहमी घडतो तसा आहे. आकडे मी समजावण्यासाठी बेतले आहेत आणि माणसाच्या नावाच्या जागी "अमुक" लिहिलं आहे.

पुण्याच्या एका कंपनीची १२० पॅनल बॉक्सची ऑर्डर आहे, दर नगाला ३,२०० रुपये. माल २४ मे, शुक्रवारी द्यायचा ठरला आहे. मंगळवारी, २१ तारखेला सुपरवायझर मालकाला लिहितो आणि मालक तो निरोप तुमच्याकडे ढकलतात:

> सायेब, पुन्याचे १२० पैकी ८४ डब्बे वेल्डिंग होऊन गेले. ४८ रेडी हाय, ३६ कोटिंगले पाठवले. कोटिंगवाला म्हन्ते मागचे ८५ हजार भेटल्याबिगर काम नाही लावत. अमुक शनिवारपासून नाही येऊन राहिला, त्याच्या बायकोचं मेडिकलमधे ऑपरेशन हाय, १५ हजार ॲडव्हान्स पन मागून राहिला. अन् आपन बुटीबोरीवाल्यायचं अर्जंट काम मधात घेतलं ना, ३५५० चा रेट देल्ला म्हनून, त्याच्यानं ३६ राहून गेले. बहुतेक पुढच्या बुधवारपर्यंत होऊन जाईन. पुन्यावाल्यायले काहीतरी सांगून द्या.

आता नावं आणि रकमा काढून, भाषा सुधारून जो मेल बहुतेक जण लिहितील तो असा:

> महोदय, आमच्या एका वेल्डरच्या कौटुंबिक वैद्यकीय अडचणीमुळे तसेच मध्येच आलेल्या एका तातडीच्या ऑर्डरमुळे आपल्या मालास विलंब होत आहे. कोटिंग पुरवठादाराच्या थकबाकीच्या प्रश्नामुळे काही नग तिथे अडकले आहेत. संपूर्ण माल बुधवार दि. २९ मे रोजी पाठवण्यात येईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

यात एकही नाव नाही, एकही रक्कम नाही, शुद्धलेखन चोख आहे. तरी पुण्याच्या खरेदी अधिकाऱ्याला यातून चार गोष्टी कळल्या. एका कामगाराच्या घरी आजारपण आहे. आपण त्याचं काम बाजूला ठेवून दुसऱ्याचं हाती घेतलं. आपल्याकडे पुरवठादाराला द्यायला पैसे नाहीत. आणि चौथी गोष्ट म्हणजे २९ तारीख पक्की आहे, पण हा पक्केपणा मूळ निरोपात कुठेच नव्हता. पहिल्या तीन गोष्टी बाहेर जायला नको होत्या आणि चौथी खरीच नाही. तुमचे मालक ज्याला "घरातलं" म्हणाले ते हेच असणार.

म्हणून मी मूळ निरोप वाचते, बाजूला ठेवते आणि कोऱ्या पानावर लिहायला बसते. मेलच्या खिडकीत निरोप चिकटवून त्यावर काम करत नाही. लिहिण्याआधी एकच विचारायचं: हा मेल वाचून त्या माणसाला काय ठरवायचं आहे? पुण्याच्या अधिकाऱ्याला त्याच्या असेंब्लीचं नियोजन करायचं आहे. शुक्रवारी किती डबे हातात येतील, उरलेले कधी येतील, त्या तारखेवर कितपत विसंबायचं आणि पुन्हा खबर कधी मिळेल, एवढं त्याला लागतं. वरच्या निरोपात या कामाचे आकडे मोजून तीन आहेत: ४८ तयार, ३६ कोटिंगला, ३६ वेल्डिंगचे बाकी. त्याशिवाय "बुधवार" आणि "बहुतेक" हे दोन शब्द. वेल्डर, त्याची बायको, ॲडव्हान्स, कोटिंगवाल्याचे ८५ हजार आणि बुटीबोरीचा दर यांतल्या कशावरही त्याचा कुठलाच निर्णय अवलंबून नाही. असं पाहिलं की काय काढायचं हा प्रश्न फारसा उरत नाही, कारण ते पानावर आलेलंच नसतं.

मी लिहिलेला मेल असा असेल:

> विषय: पॅनल बॉक्स १२० नग – सुधारित डिलिव्हरी
>
> नमस्कार,
>
> आपल्या १२० पॅनल बॉक्सपैकी ४८ नग तयार आहेत. ते ठरल्याप्रमाणे शुक्रवारी, २४ तारखेला आपल्याकडे पोहोचतील. उरलेले ७२ नग मात्र या तारखेला देता येणार नाहीत. त्यांपैकी ३६ नग कोटिंगसाठी गेले आहेत आणि ३६ नगांचं वेल्डिंग बाकी आहे. आमच्या उत्पादनाच्या नियोजनात अडचण आल्याने हा उशीर होत आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत.
>
> हे ७२ नग पुढच्या बुधवारपर्यंत, म्हणजे २९ मेपर्यंत तयार होतील असा आमचा सध्याचा अंदाज आहे. पक्की तारीख शुक्रवारी दुपारी चारपर्यंत कळवते. माल दोन खेपांत घेणं आपल्याला सोयीचं नसेल, तर कृपया उद्या सकाळी अकरापर्यंत सांगावं.

यातली कारणाची ओळ पाहा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. "उत्पादनाच्या नियोजनात अडचण" हे मोघम आहे, पण खोटं नाही. माणूस कमी पडला, मधे दुसरं काम घेतलं, कोटिंग लांबलं, हे सगळं त्यात मावतं. पुष्कळ ऑफिसांत गुपित झाकायला "मशीन बंद पडली" किंवा "वीज नव्हती" असं लिहायची सवय असते. ते करू नका. गाळणं वेगळं आणि बनवून सांगणं वेगळं. मशीन बंद म्हटलं की पुण्याचा माणूस विचारतो कुठली मशीन, दुरुस्त झाली का, त्या मशीनवर आधी झालेले नग पुन्हा तपासले का. एका खोट्यापायी तीन उत्तरं तयार ठेवावी लागतात. शिवाय बऱ्याच पर्चेस ऑर्डरमध्ये उशिराच्या दंडाचं कलम असतं, आणि कुठल्या कारणाला त्यातून सूट हेही लिहिलेलं असतं. तिथे लेखी दिलेल्या कारणाला वजन येतं. ऑर्डरमध्ये असं कलम असेल तर कारणाची ओळ मालकाला दाखवल्याशिवाय पाठवू नये.

मोघम कारणावर ग्राहक खोदून विचारेल, ही भीती रास्त आहे. विचारलं तर मालकांनी फोनवर बोलावं. किती सांगायचं हा त्यांचा अधिकार आहे, आणि तोंडी सांगितलेली गोष्ट चार जणांना फॉरवर्ड होत नाही.

वेल्डरविषयी थोडं जास्त लिहिते, कारण इथे नाव काढून भागत नाही. पुण्याचा इन्स्पेक्टर तुमच्या शेडमध्ये येऊन गेलेला असतो. तुमच्याकडे दोनच वेल्डर आहेत हे त्याने पाहिलंय, कदाचित दोघांशी चहा पीत बोललाही असेल. मग "आमचा एक वेल्डर" म्हटलं काय आणि नाव घेतलं काय, सारखंच. पुढच्या खेपेला तो येईल आणि सगळ्यांसमोर विचारेल, "काय भाऊ, वहिनी बऱ्या आहेत ना?" विचारणारा चांगल्या मनानेच विचारतो. पण बायकोचं ऑपरेशन त्या माणसाने सुपरवायझरला सुटी मिळावी म्हणून सांगितलं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटाबद्दलच्या २०२३ च्या कायद्यातही व्याख्या अशीच रुंद आहे: ज्या माहितीवरून माणूस ओळखू येतो, ती सगळी त्याची वैयक्तिक माहिती. नाव असायलाच हवं असं नाही. म्हणून मी नाव आहे का ते बघत बसत नाही, आमच्या शेडमध्ये येऊन गेलेल्याला हा माणूस ओळखू येईल का ते बघते. सात-आठ जणांच्या कारखान्यात हुद्दा, पाळी आणि आडनावाचं पहिलं अक्षर यांतलं काहीही पुरतं. "कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीमुळे" इतपतही मी शक्यतो लिहीत नाही.

आणि "बहुतेक". भाषा घासून-पुसून साफ करताना हा शब्द नेहमी बळी जातो. बोलीतला निरोप अंदाजाने भरलेला असतो: बहुतेक, होऊन जाईन, पाहून घेऊ, जमलं तर. ऑफिसच्या भाषेत हे शब्द ढिसाळ दिसतात, म्हणून आपण ते उडवतो आणि "पाठवण्यात येईल" असं ठणठणीत वाक्य लिहितो. सुपरवायझरने अंदाज सांगितला होता, मेलमध्ये त्याचा वायदा झाला. त्या बुधवारवर पुण्याची असेंब्ली लाईन बसवली जाते, आणि कोटिंगवाला तर पैसे मिळाल्याशिवाय हात लावायला तयार नाही. म्हणून अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहायचा आणि पक्कं कधी कळेल याची वेळ द्यायची. ती वेळ आपल्या हातातली असते, म्हणून पाळता येते.

आता आकड्यांकडे वळते. तुम्ही रकमा काढता असं लिहिलंय, पण रक्कम काढल्याने ती जातेच असं नाही, ती हिशेबातून परत येते. समजा काही दिवसांनी मालक लिहितात:

> सीआर पत्रा ६२ चा ६६ झाला. डब्याला १८ किलो लागतो. पुण्याला ७२ रुपये वाढवून मागा, नाहीतर आपल्याला काही उरत नाही.

तुम्ही पत्र्याचा खरेदीभाव काढता, "काही उरत नाही" काढता आणि लिहिता: "कच्च्या मालाच्या दरात सुमारे साडेसहा टक्के वाढ झाल्याने प्रति नग ७२ रुपये दरवाढ अपेक्षित आहे." वाचायला सभ्य आहे. आता पुण्याचा माणूस कॅल्क्युलेटर घेतो. साडेसहा टक्के म्हणजे ७२, तर शंभर टक्के म्हणजे किती? ७२ भागिले ०.०६५, उत्तर साधारण १,१०८. खरा आकडा १८ गुणिले ६२, म्हणजे १,११६. आठ रुपयांच्या फरकाने तो तुमच्या एका डब्याच्या पत्र्याच्या खर्चापर्यंत पोहोचला. मग त्याचा पुढचा मेल येतो: पत्रा अकराशेचा आणि डबा बत्तीसशेचा, मधले एकवीसशे कशाचे? कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, कोटिंग, लॉक, बिजागऱ्या, भाडं, पगार, सगळं समजावत बसावं लागतं. खरं तर दर वाढवून मागायला गेलेलो आपण दर टिकवायला भांडायला लागतो.

यात गंमत अशी की दोन्ही आकडे सुटे घेतले तर निरुपद्रवी आहेत. टक्का एकटा काही सांगत नाही, आणि ७२ रुपये तर सांगावेच लागतात. दोन्ही मिळून तिसरा आकडा बाहेर काढतात. मूळ रक्कम, वाढ आणि टक्का, या तिघांतले कुठलेही दोन दिले की तिसरा दिल्यासारखाच. "सुमारे" लावून किंवा आकडा गोल करून यात काही वाचत नाही, फार तर उत्तरात थोडाफार फरक पडतो. सवलतीचंही तसंच. मूळ दर झाकून "आपल्याला ८ टक्के सूट देऊन हा दर" लिहिलं की इतरांना आपण काय लावतो ते त्याला कळतं. एकूण रक्कम आणि तिचे तीन घटक देऊन चौथा झाकणं हाही त्यातलाच प्रकार, वजाबाकी तर सगळ्यांनाच येते.

दरवाढीचा मेल लिहायचा तर एवढाच पुरतो: "सीआर शीटच्या दरवाढीमुळे १ जूनपासूनच्या ऑर्डरसाठी प्रति नग दर ३,२७२ रुपये राहील." जुना दर त्याच्याकडे आहे, वाढ तो काढेल, काढू दे. पत्र्याचा बाजारभाव काय वर गेला हे त्याला बाहेरून कळतं, त्यावरून डब्याला किती पत्रा लागतो तेही काढेल. पण ते तर डबा काट्यावर ठेवूनही समजतं. समोरच्याला हाताने मोजता येईल ते झाकण्यात मी वेळ घालवत नाही. आपण पत्रा कोणाकडून आणि काय भावाने घेतो, मजुरी किती धरतो, हातात काय उरतं, एवढंच जपायचं.

यात एक पायरी लोकांच्या लक्षात येत नाही. दोन आकडे एकाच मेलमध्ये असावे लागत नाहीत. टक्का मार्चच्या मेलमध्ये गेला असेल आणि रुपये मेच्या मेलमध्ये, तरी समोरच्याकडे दोन्ही मेल आहेत. कुठल्याही दराचा मेल लिहिण्याआधी मी त्याच ग्राहकाला गेलेले जुने मेल "दर" आणि "टक्के" हे शब्द टाकून शोधते. पाच मिनिटं लागतात.

उलट बाजूचीही चूक होते. एकदा धास्ती घेतली की माणूस कामाचंही गाळायला लागतो. ४८ नग घेऊन गाडी निघेल. तिचा नंबर पुण्याच्या गेटवर लागतो आणि ई-वे बिलावरही तो असतोच. ड्रायव्हरचा मोबाईल नंबरही लागतो, नाहीतर गाडी रात्रभर गेटबाहेर उभी राहते. हे द्यायलाच हवं. फक्त खरेदी, अकाउंट्स, क्वालिटी आणि त्यांचे साहेब अशा आठ जणांच्या मेलमध्ये ते घालू नये. गाडी निघाल्यावर, स्टोअरच्या ज्या माणसाला माल उतरवून घ्यायचा आहे, त्याला वेगळा मेसेज करावा. ड्रायव्हरला आधी सांगावं की तुझा नंबर तिकडे देतेय. पीओ नंबर, चलन नंबर, नगांची संख्या, ड्रॉइंगचा नंबर या गोष्टी त्या ग्राहकाच्याच आहेत, त्या झाकल्या तर मेल निरुपयोगी होतो.

जाता जाता जीएसटी नंबराबद्दल. कोटिंगवाल्याचं बिल पुरावा म्हणून पुढे पाठवताना काही जण त्याचा पॅन खोडतात आणि जीएसटी नंबर तसाच ठेवतात. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. एकट्या मालकीचा धंदा असेल तर तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन असतो. मुळात दुसऱ्याचं बिल ग्राहकाला पाठवायची वेळ क्वचितच येते.

शब्द आणि आकडे झाले तरी फाईल आणि मेल स्वतःबरोबर काय घेऊन जातात ते बघावं लागतं. मला हे फार महागात पडून कळलं. खूप वर्षांपूर्वी मी एका ग्राहकाला कोटेशनची एक्सेल फाईल पाठवली. त्यात आमच्या खर्चाचे दोन कॉलम मी लपवले होते, माझ्या स्क्रीनवर ते दिसत नव्हते. लपवलेला कॉलम फाईलमधून जात नाही, समोरच्याने Unhide केलं की दिसतो. C नंतर एकदम F आला की बघणाऱ्याला समजतंच. तिकडून उत्तर आलं तेव्हा त्यात आमच्या खर्चाचा आकडा जसाच्या तसा होता. ती ऑर्डर आम्हाला त्या खर्चाच्या अगदी जवळ जाऊन घ्यावी लागली. नोकरी गेली नाही, पण ते वर्ष मालकांनी ज्या ताणात काढलं ते मी समोर बसून पाहिलं. तेव्हापासून बाहेर एक्सेल पाठवत नाही. लागणारे कॉलम नव्या फाईलमध्ये फक्त Values म्हणून चिकटवते आणि तिची पीडीएफ करते. वर्डची फाईल पाठवायचीच असेल तर File मध्ये Check for Issues आणि तिथून Inspect Document चालवते. Track Changes मध्ये खोडलेली वाक्यं आणि मालकांनी बाजूला लिहिलेले शेरे त्यात पकडले जातात.

मेलचं तसंच. मालकांनी निरोप मेलवर पाठवला असेल तर तो फॉरवर्ड करून वर आपला मजकूर लिहू नका, खालची सगळी साखळी सोबत जाते. नवा मेल उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवरून दोन-तीन मेसेज एकत्र कॉपी केले की प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर चिकटून येतो, तो मजकुराच्या मधे राहून जातो. स्क्रीनशॉट तर शक्यतो पाठवूच नये. मोबाईलवरच्या मार्कर पेनने नाव काळं केलं तरी ते पेन अर्धपारदर्शक असेल तर ब्राइटनेस वाढवल्यावर खालचं वाचता येतं. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी होतो. स्क्रीनशॉटमधलं जे एक वाक्य हवं असतं ते टाईप करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मेल तयार झाला की To मधला पत्ता मी सगळ्यात शेवटी भरते. त्याआधी मेल वेगवेगळ्या माणसांच्या डोळ्यांनी वाचते. वरच्या निरोपात ज्यांचा उल्लेख होता ते तिघं: वेल्डर, कोटिंगवाला आणि बुटीबोरीचा ग्राहक. हा मेल उद्या वेल्डरच्या हाती पडला तर त्याला वाटेल का की माझ्याविषयी लिहिलंय? कोटिंगवाल्याला आपली बदनामी झाली असं वाटेल का? बुटीबोरीवाल्याला आपला दर किंवा आपली घाई कुठे दिसेल का? नागपुरात ही नुसती कल्पना नसते. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरचे खरेदीवाले एकमेकांना ओळखतात, लोक एका कारखान्यातून दुसऱ्यात जातात. बुटीबोरीच्या ग्राहकाकडचा आजचा माणूस उद्या पुण्याच्या त्याच कंपनीत असू शकतो. चौथं वाचन कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या पुण्याच्या माणसाचं. नुसती नावं आणि रकमा काढलेला तो पहिला मसुदा या तिघांपैकी वेल्डर आणि कोटिंगवाल्याच्या वाचनातच अडकला असता. बुटीबोरीवाल्याचं नाव त्यात नव्हतं, पण त्याच्या कामासाठी पुण्याचं काम मागे ढकललं हे पुण्याला कळणं त्याच्याही सोयीचं नाही आणि आपल्याही.

एवढं करूनही चुकून काही गेलंच, तर जीमेलमध्ये Undo Send ला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आणि तेही सेटिंगमध्ये वाढवून ठेवले असतील तर, एरवी पाचच. आउटलुकचं Recall दुसऱ्या कंपनीत गेलेल्या मेलला चालत नाही. त्यानंतर फोन हाच उपाय. ज्याला मेल गेला त्याला सरळ सांगावं की चुकून अंतर्गत माहिती आली आहे, कृपया तो मेल काढून टाका, सुधारित पाठवते. मालकांना त्याच तासात सांगावं. आणि माहिती एखाद्या माणसाची असेल तर त्यालाही सांगावं, हे बहुतेक ऑफिसांत होत नाही. त्याला बाहेरून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं.

शेवटचं काम मेल गेल्यावरचं. पुण्याच्या अधिकाऱ्याकडे तुमच्या सुपरवायझरचाही मोबाईल नंबर असतो. मेल वाचून तो पहिला फोन त्यालाच करेल, कारण खरी खबर शॉप फ्लोअरवर मिळते हे खरेदीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. सुपरवायझर मनमोकळा माणूस असतो, अमुकची बायको, कोटिंगवाल्याचे पैसे, सगळं दोन मिनिटांत सांगून टाकेल. म्हणून मेल पाठवला की त्याला त्याच्या भाषेत मेसेज टाकते:

> भाऊ, पुन्याले मेल केला. ४८ शुक्रवारी पोचतीन, ७२ चा अंदाज बुधवारचा देल्ला, पक्कं शुक्रवारी चार वाजता सांगतो म्हटलं. त्याहिचा फोन आला तर एवढंच सांगजा, बाकी सायेबाले विचारा म्हनजा. अन् शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत मले पक्का आकडा द्या.